कायझन कॉस्टिंग: पर युनिट टार्गेट ठरवायच्या तीन पद्धती, चालू पार्टसाठी कोणती घ्यावी

मार्च जवळ आला की चाकण-भोसरीच्या व्हेंडर लोकांकडे कस्टमरच्या परचेसचा मेल येतो, पुढच्या वर्षासाठी इतके टक्के प्राइस डाउन द्या. मग इकडे मीटिंग, आणि मालक म्हणतात की यावर्षी प्रत्येकाने तीन टक्के कमी करा. हे म्हणजे कायझन कॉस्टिंग असं बऱ्याच जणांना वाटतं. पण टार्गेट काढायच्या निदान तीन पद्धती आहेत, आणि कोणती घेता त्यावर वर्षाअखेरीस खरंच पैसे वाचतात की फक्त एक्सेलमध्ये वाचतात हे ठरतं.

थोडी पार्श्वभूमी. नवीन मॉडेल डिझाइन होत असताना जे करतात ते टार्गेट कॉस्टिंग, पार्ट एकदा प्रॉडक्शनला लागला की तोच खर्च दरवर्षी खाली आणणं ते कायझन कॉस्टिंग. जपानी कार कंपन्यांची ही पद्धत यासुहिरो मोन्देन आणि काझुकी हमादा यांनी १९९१ साली इंग्रजीत नीट मांडली, त्यामुळे जपानबाहेर लोकांना ती कळली. स्टँडर्ड कॉस्टिंगशी फरक एवढाच लक्षात ठेवा की तिथे ठरलेल्या आकड्याच्या आत राहिलात की शाबासकी, इथे मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च हीच सुरुवात आणि त्याच्या खाली जायचंय.

आता एक पार्ट घेऊ, आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत. सस्पेन्शनचा एक ब्रॅकेट असेंब्ली, ६ मिमी शीटमधून ब्लँक काढायचा, बेंड, मग वेल्डिंग, बुश प्रेस, बाहेर जॉबवर्कला पावडर कोटिंग. वर्षाला २ लाख नग. विक्री २७५ रुपये, खर्च २५०, म्हणजे नगामागे २५ सुटतात. कस्टमरला २ टक्के हवेत, म्हणजे ५.५० रुपये. शिवाय युनियनच्या करारामुळे लेबर ८ टक्क्यांनी वाढणार, नगाला २२ रुपये लेबर आहे त्यामुळे १.७६ रुपये आणखी. म्हणजे २५ चा नफा जिथल्या तिथे ठेवायला सुद्धा ७.२६ रुपये शोधायचेत. स्टीलचा भाव यात धरला नाही कारण तो इंडेक्सवर कस्टमरकडून वरखाली होतो, आणि बाकी रेट आहेत तिथेच राहतील असं धरलंय.

पहिली पद्धत सरसकट टक्का, सगळ्या हेडवर ३ टक्के. दुसरी म्हणजे खालून आयडिया गोळा करायच्या, शॉपफ्लोअरवाल्यांना, मेंटेनन्सला, परचेसला विचारायचं तुम्ही काय वाचवू शकता, आणि बेरीज येईल ते टार्गेट. तिसरी जपानी पद्धत, आधी गॅप काढा (इथे ७.२६) आणि ज्याच्या हातात जेवढा खर्च आहे त्या प्रमाणात तो वाटून द्या. पहिली आणि तिसरी शेजारी ठेवली तर असं दिसतं, सगळे आकडे नगामागे रुपयांत:

| खर्च | आज | सरसकट ३% | गॅप वाटून |
|---|---|---|---|
| स्टील, स्क्रॅपचे पैसे वजा करून (प्रेस शॉप) | १३० | ३.९० | ४.२१ |
| बॉटआउट आणि कोटिंग (परचेस) | ४८ | १.४४ | १.५६ |
| लेबर, वीज, गॅस-वायर (वेल्ड-असेंब्ली) | ४६ | १.३८ | १.४९ |
| फिक्स्ड: घसारा, भाडं, सुपरवायझर | २६ | ०.७८ | — |
| एकूण | २५० | ७.५० | ७.२६ |

वरवर बघितलं तर फार फरक नाही असं वाटेल, पण खरी गंमत फिक्स्डच्या ओळीत आहे. २६ रुपये गुणिले २ लाख म्हणजे वर्षाला ५२ लाख, हे नग किती निघाले यावर अवलंबून नाही. समजा कस्टमरचं शेड्यूल वाढलं आणि २.३ लाख नग गेले, तर फिक्स्ड नगाला २२.६१ होतो, म्हणजे कोणी बोटही न हलवता ३.३९ रुपये वाचल्यासारखे दिसतात, अर्धं टार्गेट तसंच पूर्ण, आणि त्याचे फोटो पण बोर्डावर लागतात. उलट शेड्यूल १.७ लाखावर आलं तर तोच खर्च ३०.५९ होतो आणि प्रेस शॉपने केलेलं सगळं काम त्या ४.५९ च्या वाढीत गडप. म्हणून पर युनिट टार्गेटमध्ये फिक्स्ड ठेवायचा नाही, त्याचं वेगळं बजेट रुपयांत करायचं, सुपरवायझर किती आणि भाडं किती ते. मोन्देन यांच्या मांडणीतही नगामागचं टार्गेट मुख्यतः बदलत्या खर्चावरच येतं.

दुसरी पद्धत टेबलमध्ये नाही कारण तिचा आकडा आधी माहीतच नसतो. लोकांना विचारलं की ते जे नक्की जमणार तेवढंच सांगतात, आणि त्यातलं थोडं पुढच्या वर्षासाठी खिशात ठेवतात, जे अगदी समजण्यासारखं आहे कारण यंदा जास्त दिलं तर पुढच्या वर्षी त्याहून खालून सुरुवात करायला सांगणार. त्यामुळे बेरीज चार-साडेचार रुपयांवर अडकते आणि कस्टमरला द्यायचे साडेपाच. पण या पद्धतीत एक चांगली गोष्ट आहे, प्रत्येक रुपयामागे कोण काय करणार हे लिहिलेलं असतं, जे बाकी दोघींत नसतं.

ही आयडियांची यादी वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा. या ब्रॅकेटमध्येच बघा. स्ट्रिपवर दोन ब्लँकच्या मध्ये १२ मिमी पट्टी सोडली जाते. ६ मिमी जाडीला ७ मिमी पुरते (साधारण जाडीएवढी ते दीडपट धरतात), म्हणून पिच १२० वरून ११५ मिमी होतो आणि नगाला लागणारं स्टील २ किलोवरून १.९१७ वर येतं. स्टील ७५ रुपये किलो, म्हणजे यादीत लिहिलं जाणार ६.२५ रुपये बचत. वा. पण तो ८३ ग्रॅमचा तुकडा आधी स्क्रॅपमध्ये ४० रुपये किलोने विकला जायचा, ते ३.३३ रुपये आता येणार नाहीत, त्यामुळे खरी बचत २.९२. अर्ध्याहून जास्त कागदावरच होती. मी असे कितीतरी प्रोजेक्ट बघितलेत जिथे प्रॉडक्शन म्हणतं आम्ही दिले आणि अकाउंट्स म्हणतं आम्हाला दिसत नाहीत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

याच आयडियेला दुसरा काटा आहे. कस्टमरच्या कॉस्टिंग शीटमध्ये इनपुट वेट २ किलो लिहिलेलं असतं आणि स्टीलचा भाव त्या वजनावर मिळतो. त्यांच्या ऑडिटमध्ये नवा पिच दिसला तर वजन खाली आणून किंमत कापली जाते. त्यामुळे ही बचत कोणाच्या खात्यात हे आधीच बोलून घ्या, प्राइस डाउनमध्ये धरायची की तुमच्याकडे राहायची. आणि पिच बदलला की टूलमध्ये बदल आलाच, तर कस्टमरला कळवून मंजुरी लागते का तेही बघा, नाहीतर लाइन रिजेक्शन झालं की सगळं मागे.

वेल्ड-असेंब्लीच्या १.४९ मध्ये तसाच फसवा मुद्दा लेबरचा. फिक्स्चर बदलून सायकलमधले चार सेकंद वाचले म्हणून लगेच पैसे वाचले असं होत नाही, पगार तेवढाच जातो. एकतर त्या लाइनवरचा एक माणूस दुसऱ्या लाइनला लागला पाहिजे, नाहीतर ओव्हरटाइम तेवढा कमी झाला पाहिजे, नाहीतर जॉबवर्कला दिलेलं काम आत आलं पाहिजे. यापैकी काहीच नसेल तर ते सेकंद टार्गेटमध्ये धरू नका, पुढे शेड्यूल वाढलं तर उपयोगी येतील एवढंच. परचेसच्या १.५६ बद्दल जास्त बोलण्यासारखं नाही, तिथे भाव-ताव होतो, फक्त कोटिंगवाल्याला दाबून खरेदी स्वस्त आणि रिजेक्शन महाग असं होऊ देऊ नका.

मग वेळ. टार्गेट वर्षाचं आहे आणि आयडिया ऑक्टोबरमध्ये सुरू झाली तर वर्षाची सरासरी २.९२ नाही, १.४६ येते. म्हणून दोन आकडे वेगळे ठेवा, या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष किती वाचले आणि मार्चमध्ये नगाचा खर्च कुठे पोहोचला. दुसरा आकडा पुढच्या वर्षाची सुरुवात म्हणून घ्यावा असं माझं मत आहे. मूळ पद्धतीत मागच्या वर्षाची सरासरी घेतात, पण तसं केलं तर ऑक्टोबरच्या आयडियेचा उरलेला १.४६ पुढच्या वर्षी फुकटात मोजला जातो आणि नवीन काही करायची गरजच पडत नाही. जानेवारी ते मार्च तीन महिन्यांची सरासरी बरी, एकाच महिन्यात कॉइल बदल किंवा रिजेक्शन झालं तर आकडा हलतो. आणि मोजताना स्टीलचा रेट एप्रिलच्या ७५ वर फ्रीझ करा, नाहीतर भाव पडला की सगळेच हुशार ठरतात.

तर घ्यायची कोणती. तुमच्याकडे हेडनिहाय खर्च नीट नोंदलेलाच नसेल, एकाच खात्यात सगळं, तर पहिलं वर्ष सरसकट टक्का चालेल, पण फिक्स्ड बाहेर काढूनच. इथे २२४ रुपयांवर ७.२६ म्हणजे ३.२४ टक्के पडतात, तोच टक्का सगळ्यांना दिला तर तिसऱ्या पद्धतीएवढेच आकडे येतात, फरक हा की तो आकडा गॅपमधून आलेला असतो, मालकाच्या मनातून नाही. हेडनिहाय खर्च असेल तर एकूण टार्गेट आणि वाटप तिसऱ्या पद्धतीने, आणि मग प्रत्येक खात्याने आपल्या वाट्याखाली दुसऱ्या पद्धतीची यादी भरायची, स्क्रॅप वजा करून, तारीख टाकून. प्रेस शॉपच्या ४.२१ समोर पिचचे २.९२ आले, उरलेले १.२९ साठी कॉइलची शेवटची शेपटी, सेटिंगला जाणारे नग, बेंडवरचं रिजेक्शन बघायचं. यादी तरीही ४.२१ ला पोहोचत नसेल तर तो गॅप एप्रिलमध्येच दिसतो आणि कस्टमरशी २ टक्क्यांऐवजी दीड टक्क्यावर बोलायला हातात कागद असतो.

एका ठिकाणी मात्र तिन्ही सोडून द्या. मॉडेल दीड वर्षात बंद होणार असेल तर टूलवर लाखभर घालून २.९२ चा पिच बदलायचा का हा साधा भागाकार आहे, लाख भागिले २.९२ म्हणजे साधारण ३४ हजार नग. या पार्टला २ लाख नग जातात म्हणून दोन-सव्वादोन महिन्यांत निघतं, पण वर्षाला १५ हजार नगांचा पार्ट असेल तर दीड वर्षात साडेबावीस हजारच जातात, टूलचे पैसे निघतच नाहीत, तिथे परचेस आणि रिजेक्शनवरच थांबलेलं बरं.