सिम मेलं, ॲप जिवंत आहे: नंबर कुठून आणि कोणत्या क्रमाने बदलायचा?

सांगलीच्या मावशीने २०२४ च्या उन्हाळ्यात रिचार्ज मारला नाही. फोन दिवसभर घरीच असायचा आणि घरी वायफाय होतं, त्यामुळे तिचं काहीच अडलं नाही. भिशीच्या ग्रुपवर मेसेज येत होते, नातवाचे फोटो येत होते, रात्री मुलीचा व्हिडिओ कॉलही व्हायचा. दिवाळीच्या तोंडावर गॅस बुक करायला गेली आणि ओटीपी येईना, तेव्हा कुठे लक्षात आलं. कंपनीच्या गॅलरीत विचारलं तर उत्तर मिळालं की नंबर कायमचा बंद झालाय, आता नवं कार्ड घ्या. तिने मला फोन केला तो नव्या नंबरवरूनच. "अरे, नवं कार्ड घातलंय. आता व्हॉट्सॲप काढून परत टाकू का?"

मी म्हटलं, "मावशी, संध्याकाळी मी येईपर्यंत त्या ॲपला हातसुद्धा लावू नकोस."

कारण अशा वेळी लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच होते. जुना नंबर मेला असला तरी ज्या फोनमध्ये ॲप अजून उघडं आहे, त्या फोनमध्ये तुमचं खातंही उघडं आहे. ॲप काढलं, लॉग आउट केलं किंवा फोन रिसेट केला की ॲप पुन्हा ओळख विचारतं आणि सहा आकडी कोड जुन्या नंबरवर पाठवतं. तो कोड आता कोणाच्याच हातात येत नाही.

मावशीसमोर तीन रस्ते होते. तोच नंबर परत मिळवायचा, ॲपच्या आतून नंबर बदलायचा किंवा नव्या नंबरवर नवं खातं उघडायचं.

तोच नंबर परत मिळत असेल तर तो रस्ता सगळ्यात चांगला, कारण बँक, आधार, गॅस सगळं जागच्या जागी राहतं. पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. सिम हरवलं, तुटलं किंवा फोनसोबत चोरीला गेलं असेल, तर नंबर अजून तुमच्याच नावावर असतो. ओळखपत्र घेऊन गॅलरीत गेलात की डुप्लिकेट सिम मिळतं. फक्त सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, सिम परस्पर बदलून होणाऱ्या फसवणुकीमुळे. त्यामुळे कार्ड चालू झालं तरी त्या दिवशी ओटीपी येत नाही म्हणून घाबरू नका, दुसऱ्या दिवशी बघा. रिचार्ज न मारल्याने नंबर बंद झाला असेल तर गोष्ट वेगळी. असा नंबर किमान ९० दिवस कोणालाही दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाऊ शकतो. गॅलरीत एकदा विचारून बघायला हरकत नाही, पण त्यांनी नाही म्हटलं तर ते ९० दिवस हीच तुमची मुदत असं धरून चाला.

नव्या नंबरवर सरळ नवं खातं हा रस्ता सोपा दिसतो, म्हणून मुलं आईवडिलांना तोच करून देतात. मी तो कोणालाच सुचवणार नाही. मावशी भिशीच्या ग्रुपची एकटीच ॲडमिन होती. नवं खातं उघडलं असतं तर ती त्या ग्रुपमध्ये नसती, इतर चौदा बायकांना वेगवेगळं कळवावं लागलं असतं आणि जुनं खातं तिच्या नावाने, तिच्या फोटोसह तसंच पडून राहिलं असतं. पुढे नंबर दुसऱ्याकडे गेल्यावर त्या माणसाने आपल्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू केलं असतं, तर भिशीचे मेसेज त्याच्याकडे जाऊ शकले असते.

उरला नंबर बदलण्याचा रस्ता. तो इतका सरळ आहे यावर बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही. व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Account, मग Change number. वरच्या रकान्यात जुना नंबर, खालच्यात नवा, दोन्हीच्या आधी +९१. जुना नंबर तिथे फक्त लिहायचा असतो, त्यावर कोड जात नाही. कोड जातो नव्या नंबरवर. त्यामुळे जुनं सिम बंद असलं तरी इथे काही अडत नाही.

मावशीचं मात्र पहिल्यांदा झालं नाही. तिने घातलेला जुना नंबर खात्याशी जुळत नाही, असं ॲप सांगत होतं. ती नंबर पाठ असल्यासारखा घालत होती, पण शेवटचे दोन आकडे उलटे. त्या व्हॉट्सॲपवर नेमका कोणता नंबर आहे ते बघायचं असेल तर Settings उघडून वर आपल्या नावावर दाबायचं, तिथे तो दिसतो. तो बघून घातला आणि पुढचा पडदा आला: नंबर बदलल्याचं कोणाला कळवायचं? सगळ्यांना, ज्यांच्याशी चॅट आहे त्यांना की निवडक लोकांना? ग्रुपना आपोआप कळतंच. मावशीने चॅट असलेल्यांना कळवलं, नव्या सिमवर आलेला कोड घातला आणि पाच मिनिटांत काम संपलं. जुन्या चॅट, ग्रुप, ॲडमिनपद सगळं जागेवर होतं आणि जुन्या नंबरवरचं खातं पुसलं गेलं.

यात एक काम लोक विसरतात. गूगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप परत घ्यायचा तर ज्या नंबरवर तो बनला तोच नंबर लागतो. म्हणून नंबर बदलल्याबरोबर त्याच फोनवर नवा बॅकअप घ्या. फोनही बदलायचा असेल तर आधी जुन्या फोनवर नंबर बदला, मग बॅकअप घ्या, मग नव्या फोनकडे जा. उलटं केलंत तर नवा फोन जुन्या नंबरवर कोड मागेल.

आणि हे सगळं मुख्य फोनवरच होतं. तुमच्याकडे फक्त लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप चालू असेल आणि फोन सिमसकट गेला असेल, तर लॅपटॉपवरून नंबर बदलता येत नाही. मुख्य फोन १४ दिवस वापरला गेला नाही की लॅपटॉपही बाहेर काढला जातो. तिथे डुप्लिकेट सिमच काढावं लागतं. तोपर्यंत लॅपटॉपवरून महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्या.

टेलिग्रामचं गणित नेमकं याच जागी वेगळं आहे, आणि दोन्ही ॲप वापरणाऱ्याने हा फरक समजून घेतलाच पाहिजे. टेलिग्रामवरच्या साध्या चॅट फोनमध्ये नसतात, कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तिथे फोन आणि लॅपटॉप अशी थोरली-धाकटी नाही. जिथे लॉगिन आहे ते कुठलंही यंत्र तुमची ओळख पटवू शकतं. फक्त लॅपटॉपवर टेलिग्राम उरलं असेल, तर नव्या फोनवर ॲप टाका, जुना बंद नंबर घाला आणि लॅपटॉपकडे बघा. लॉगिनचा कोड लॅपटॉपवरच्या Telegram नावाच्या चॅटमध्ये येतो. तो नव्या फोनवर घातला की आत. मग Settings मध्ये आपल्या नंबरवर दाबून Change Number. इथेही कोड नव्या नंबरवर जातो.

मात्र नुकतंच लॉगिन केलेल्या यंत्रावरून लगेच नंबर बदलू देत नाहीत, निदान २४ तास थांबायला लावतात. ॲपने नकार दिला तर खातं गेलं असं समजू नका आणि रागाने लॅपटॉपवरून लॉग आउट तर मुळीच करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. नव्या नंबरवर आधीच टेलिग्रामचं खातं असेल तरीही बदल होत नाही. ते खातं आधी काढावं लागतं.

म्हणजे नंबर बदलताना टेलिग्राम जास्त सोयीचं. पण त्याच कारणाने बंद नंबर दुसऱ्याकडे गेला तर टेलिग्राम जास्त धोक्याचंही. नव्या मालकाने त्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू केलं तर तुमचा फोन बाहेर पडतो, ग्रुपचे पुढचे मेसेज त्याला दिसू शकतात, पण जुन्या चॅट दिसत नाहीत, कारण त्या तुमच्या फोनमध्ये असतात. टेलिग्रामवर मात्र त्याच्या सिमवर कोड आला आणि तुम्ही पासवर्ड लावलेला नसेल, तर वर्षानुवर्षांचं सगळं त्याच्यासमोर उघडतं. म्हणून माझा क्रम असा: दोन्ही असतील तर आधी टेलिग्रामचा नंबर बदला, मग व्हॉट्सॲपचा. नवा नंबर आज हातात नसेल तर निदान दोन्हीकडे Two-step verification लावून ठेवा. व्हॉट्सॲपवर तो सहा आकडी पिन असतो, टेलिग्रामवर पासवर्ड. नंबरच्या नव्या मालकाला तुमचा पिन माहीत नसेल, तर व्हॉट्सॲपवर त्याला ७ दिवस थांबावं लागतं. पण त्याने एसएमएसचा कोड घातला की तुमचा फोन तेव्हाच बाहेर पडतो, म्हणून नवं कार्ड लवकर घ्या.

हे काम पुढे ढकलू नये याला आता आणखी एक कारण आहे. मावशीचं व्हॉट्सॲप सिम बंद असूनही महिनोन्‌महिने चाललं. पण दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला अशा ॲपना आदेश दिला की नोंदणी झालेलं सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं आणि वेबवरचं लॉगिन दर ६ तासांनी बंद व्हावं. त्यासाठी त्यांना ९० दिवसांची मुदत दिली होती. म्हणून ॲप आज उघडतंय तर आजच नंबर बदला.

मावशीने शेवटी विचारलं, "बँकेचं पण असंच होईल ना फोनवरून?" नाही होत. यूपीआय ॲप फोनमध्ये उघडं दिसलं तरी ते सिमशी बांधलेलं असतं, आणि बंद नंबरवर ओटीपीच येत नाही. दुसऱ्या दिवशी पासबुक, आधार आणि नवा नंबर घेऊन आम्ही शाखेत गेलो, फॉर्म भरला. सही जुन्या नमुन्याशी जुळेना म्हणून मावशीला ती तीनदा करावी लागली.