चादरीची लिस्टिंग लिहिण्याआधी: स्पर्धकांचा तक्ता की तक्रारी?

सोलापुरी चादरी ऑनलाइन विकायला निघालेला मावसभाऊ विचारत होता, स्पर्धकांचं नेमकं काय वाचू, माहितीचे रकाने की ग्राहकांचे रिव्ह्यू?

रकाने तासाभरात उरकतात. दहा लिस्टिंग घ्यायच्या आणि लांबी-रुंदी, वजन, सूत, नग यांपुढे फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचं. वाक्य उतरवायचंच नाही, म्हणजे नक्कल होत नाही. आम्ही पाहिलेल्या दहांपैकी सात जणांनी वजन दिलंच नव्हतं. पण गिऱ्हाइकाला कशाची धास्ती आहे, ते रकान्यांत दिसत नाही.

रिव्ह्यूंना अख्खी संध्याकाळ लागते. एक स्टारवाले नव्हे, दोन-तीन स्टारवालेच वाचावेत. एक स्टारवाले बरेचदा कुरिअरवर चिडलेले असतात. “धुतल्यावर डबल बेडला पुरेना”, “लाल रंग उशीला लागला” असं तीन वेगवेगळ्या लिस्टिंगवर दिसलं, तरच ती खरी शंका. उत्तर मात्र स्वतःच्या मालातून काढायचं: चादर आधी मोजा, धुऊन वाळवून पुन्हा मोजा, ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग घासून बघा. लिहिताना स्पर्धकाचं पान बंद.

पहिल्यांदाच माल टाकताय, तर रकाने पुरे. लिस्टिंग बघतात पण घेत नाहीत किंवा माल परत येतोय, तर रिव्ह्यूच वाचा.