निरोपाचं भाषण: दिवसाच्या क्रमाने की प्रसंगांच्या क्रमाने?

कोकणातल्या सरकारी कार्यालयांत ३१ मे हा निरोपांचा दिवस. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेले पुष्कळ, आणि एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हमखास सांगितलं जातं, "दोन शब्द तू बोल." बोलायला चार मिनिटं मिळतात, म्हणजे सावकाश बोलल्यास साधारण चारशे शब्द. एवढ्यात आठवणी मांडायच्या दोनच रीती खरोखर उपयोगी पडतात. एक म्हणजे कार्यालयातला साधा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत उलगडायचा. दुसरी म्हणजे दिवसाचा विचार न करता त्यांच्या चांगुलपणाचे दोन-तीन प्रसंग सांगायचे.

कुडाळमधल्या एखाद्या कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या ताई निवृत्त होताहेत असं धरू. दिवसाच्या क्रमाने गेलं तर सुरुवात एसटीत होते. वेंगुर्ल्याहून येणाऱ्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून मागून चढणाऱ्या सहकाऱ्यासाठी धरलेली जागा. मग मस्टरवर सही, पावसाळ्यात दाराशी बादलीत उभ्या केलेल्या छत्र्या, गळणाऱ्या कोपऱ्यातल्या फायलींवर कुणी न सांगता टाकलेलं प्लास्टिक. दुपारी डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, आणि ज्याचा डबा आलेला नाही त्याला "जेवलंस काय?" अशी हाक. संध्याकाळी शेवटचं टपाल नोंदवून झालं की पंखे, दिवे, कपाटाची किल्ली. या रीतीत वेळच क्रम लावते, त्यामुळे बोलताना हुंदका आला तरी पुढचं वाक्य हरवत नाही. शिवाय सभागृहातला प्रत्येकजण त्या दिवसात कुठेतरी असतो, म्हणून ऐकणाऱ्यांच्या माना हलतात.

अडचण एकच. हा दिवस कुणाचाही होऊ शकतो. चहा, डबा, मस्टर सगळ्यांचंच असतं. कसोटी सोपी आहे: लिहिलेलं वाक्य शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या माणसाला लावून पाहावं. लागू पडलं तर ते काढावं. "ताई सगळ्यांशी मिळून वागायच्या" हे कुणालाही चालतं. "ताई आपल्या पिशवीत नेहमी एक जादा छत्री ठेवायच्या आणि ती परत आली का, हे कधी विचारायच्या नाहीत" हे फक्त त्यांचंच.

प्रसंगांची रीत ही कसोटी आपोआप पार करते. समजा, गणपतीत पाच दिवस कुणीतरी कार्यालयात थांबायलाच हवं, आणि माटवी बांधायला प्रत्येकाला घर गाठायचं असतं. ताईंच्या घरी गणपती दीड दिवसाचा, म्हणून पुढचे दिवस त्या स्वतः मागून घ्यायच्या. हे दरवर्षीचं आहे, एकदाचं नाही, आणि भाषणात ते तसंच आलं पाहिजे. "दरवर्षी" हा शब्द गाळला तर मोठा चांगुलपणा लहान दिसतो.

धोका असतो तो दुसऱ्याच्या अडचणीचा. आजारपणात दिलेले पैसे, घरगुती भांडणात दिलेला आधार, नोकरी जाता जाता केलेली रदबदली हे ऐकताना मदत घेणारा तिथेच दुसऱ्या रांगेत बसलेला असतो, शेजारी त्याची बायको-मुलं. नाव गाळलं तरी छोट्या कार्यालयात ते सगळ्यांना कळतं. अशा प्रसंगासाठी आधी त्या माणसाला विचारावं. तो जरासा अडखळला तरी प्रसंग सोडून द्यावा. छत्री, रुमाल, गणपतीतली पाळी यांत कुणाला कमीपणा येत नाही, म्हणून भाषणासाठी ते पैशांच्या मदतीपेक्षा बरे.

आता निवड. ताईंच्या शेजारी तुम्ही पाच-सात वर्षं बसला असाल तर दिवसाचा क्रम घ्या, आणि प्रत्येक प्रहराला एकच गोष्ट टांगा. तुम्ही नुकतेच बदलून आला असाल, किंवा निवृत्त होणारे फिरतीवरचे असतील, तर तुम्हाला त्यांचा दिवस माहीतच नसतो. तिथे दोन प्रसंग पुरेत, तिसरा ओढून आणू नये. वक्त्यांत तुमचा नंबर सहावा-सातवा असेल तरीही दिवसाचाच क्रम बरा, कारण मोठे प्रसंग आधीच्यांनी सांगून टाकलेले असतात. रुमालाची जागा मात्र सहसा कुणी घेत नाही.

भाषण जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या, कारण टेबलफॅनने सुटे कागद उडतात. मे अखेरीस वीज जाते आणि माईक बंद पडतो, म्हणून वाक्यं एका दमात मोठ्याने म्हणता येतील इतकी आखूड ठेवा. बाकी सगळं सभेला उद्देशून बोला, पण शेवटचं वाक्य ताईंकडे वळून: "ताई, उद्या सकाळी गाडीत तुमची जागा आम्ही धरून ठेवू."