टॅक्स आधी भरा, मग पैसे मिळतील

मंडळी, जुगार सोडून आज मला वर्ष झालं. शेवटची बेट गेल्या वर्षी याच महिन्यात लावली. पण आज मला सांगायचंय ते पैसे हरल्याचं नाही. हरलेलं आपण सगळेच सांगतो. मी जिंकलो होतो, आणि फसलो ते तिथेच.

क्रिकेटवर ऑनलाइन सट्टा लावायचा आयडी मला दुकानातल्याच एका पोराने दिला. व्हॉट्सॲपवर एक नंबर, त्याला 'हाय' करायचं, ५०० रुपये पाठवायचे, की लिंक आणि पासवर्ड येतो. पहिल्याच संध्याकाळी सहा ओव्हरच्या सेशनवर, म्हणजे तेवढ्यात किती रन होतील यावर, ५०० चे १,४०० झाले. विड्रॉल टाकला आणि दहा मिनिटांत पैसे खात्यात. तेव्हाच मी मनातल्या मनात ठरवून टाकलं, माणसं खरी आहेत. पुढे महिनाभर ८,००० पर्यंतची रक्कम प्रत्येक वेळी मिळाली. ती रक्कम मला गळाला लावायला ठेवलेली होती, हे आज कळतं.

एक गोष्ट तेव्हा डोळ्यांसमोर होती आणि तरी दिसली नाही. पैसे भरायला दर वेळी वेगळा यूपीआय यायचा. आज कुणा बाईचं बचत खातं, उद्या कुठल्यातरी किराणा दुकानाचं. विड्रॉलही असाच कुणाच्या तरी खात्यातून यायचा. धंदा एक असेल तर खाती इतकी का, हे विचारायला हवं होतं. पण तेव्हा माझं लक्ष फक्त लॉस कव्हर करण्यात.

तोवर, मिळालेले विड्रॉल वजा करून, मी एकूण १,४०,००० भरले होते. बरेचसे बायकोला न सांगता, सोसायटीचं कर्ज काढून. मग एका रात्री नशीब फिरलं आणि पॅनेलवर ३,१२,००० दिसू लागले. विड्रॉल टाकला. उत्तर आलं, तुम्ही बोनस घेतलाय, आधी पाचपट टर्नओव्हर करा. म्हणजे तेवढ्याचे डाव पुन्हा लावा! लावले, आणि आश्चर्य म्हणजे आकडा तेवढाच राहिला. मग दुसरं उत्तर आलं. सरकारी नियमाप्रमाणे ३० टक्के टॅक्स, म्हणजे ९३,६०० आधी भरा, तासाभरात सगळी रक्कम सोडतो. सोबत शिक्का मारलेलं पत्रही.

३० टक्के हा आकडा खरा आहे, म्हणूनच मी फसलो. ऑनलाइन गेममधल्या कमाईवर तेवढा टीडीएस एप्रिल २०२३ पासून होता. पण तो कापायचा असतो पैसे देणाऱ्याने, देतानाच, तुमच्याच रकमेतून. तुम्ही वेगळे भरायचे नसतात. शिवाय तो निव्वळ जिंकलेल्यावर. माझे स्वतःचे १,४०,००० वजा केले तर उरतात १,७२,०००, त्याचा कर ५१,६००. म्हणजे चोरांचा हिशोबही चुकीचा होता. हे मला आपल्या या गटातल्याच एका काकांनी, जन्मभर अकाउंट्स पाहिलेल्या माणसाने, चहा पिता पिता कागदावर मांडून दाखवलं.

मी मात्र बायकोच्या पाटल्या गहाण टाकून ९३,६०० भरले. मग 'सिक्युरिटी डिपॉझिट' मागितलं. ते नाही म्हटल्यावर आयडी बंद, नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला मी नऊ दिवस लावले. लाज, दुसरं काय? जुगार खेळलो हे पोलिसांना कसं सांगायचं! तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाऊन कुठेतरी एटीएममधून निघून गेले होते. पहिल्या काही तासांत फोन केला असता तर मधल्या एखाद्या खात्यात रक्कम अडकण्याची आशा होती. त्याच आठवड्यात 'रिकव्हरी करून देतो' म्हणणाऱ्या एकाचा मेसेज आला. फी फक्त ४,५०० रुपये. तीही मी भरली. माझा नंबर त्याला कुठून मिळाला असेल, हे तुम्हीच ओळखा.

आणि खरा दणका नंतर बसला. बँकेने माझ्याच खात्यावर होल्ड लावला. मला विड्रॉल म्हणून आलेले ८,००० हे दुसऱ्या राज्यातल्या एका फसलेल्या माणसाचे होते, आणि त्याने तक्रार केली होती. माझी जीत म्हणजे त्याचे पैसे. पगार त्याच खात्यात यायचा, म्हणून बायकोला सांगावंच लागलं. त्या रात्री ती काहीच बोलली नाही. सकाळी माझा फोन घेऊन यूपीआय काढून टाकला, फोन आजही तिच्याकडेच आहे. मला रोज १०० रुपये रोख मिळतात.

मला कुणी विचारतं, तेव्हा ते तीन लाख मिळाले असते तर? खरं सांगतो, तर मी आज इथे नसतो, पुढच्या मॅचवर असतो.

पाटल्या अजून सुटायच्या आहेत, दोन हप्ते राहिलेत. आणि त्या ८,००० पायी लागलेला होल्ड उठलेला नाही. सोमवारी अर्धी रजा टाकून पुन्हा बँकेत जायचंय.