एक वर्षाच्या बाळाला गाईचं दूध: हळूहळू मिसळून की थेट कपात, आणि दिवसाला किती

मला दोन मुलं, आणि दोघांना वरचं दूध सुरू केलं ते अगदी वेगवेगळ्या पद्धतीने, त्यातली एक पद्धत चुकली आणि का चुकली ते मला बरंच नंतर कळलं, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून लिहितेय. बाळ ११-१२ महिन्यांचं झालं की सगळे विचारतात मिसळून देऊ की एकदम बदलू, पण माझं मत असं झालंय की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न म्हणजे दिवसभरात एकूण किती द्यायचं, तो आधी ठरवला नाही तर पद्धत कुठलीही घ्या, घोळ होतोच.

आधी वर्षाच्या अटीबद्दल थोडं. १२ महिन्यांच्या आत गाईचं दूध मुख्य पेय म्हणून द्यायचं नाही, कारण त्यात आयर्न जवळजवळ नसतंच (एक लिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम), प्रोटीन आणि क्षार जास्त असल्याने लहान किडनीवर ताण येतो, आणि काही बाळांच्या आतड्यातून डोळ्याला न दिसणारा थोडा थोडा रक्तस्राव होतो. खाण्यात थोडं दूध किंवा दही पडलं तर चालतं, प्रश्न आहे बाटल्या भरभरून देण्याचा. वर्षानंतर किडनी आणि आतडी तयार होतात पण दुधातलं आयर्न काही वाढत नाही, ही गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मोठीच्या वेळी मी काय केलं ते सांगते. ती फॉर्म्युलावर होती, दिवसाला चार बाटल्या, प्रत्येकी २१० मिली, म्हणजे ८४० मिली. वाढदिवस झाल्यावर आठवड्याभरात मी त्याच चार बाटल्यांमध्ये गाईचं दूध भरायला लागले. बाटली तीच, वेळा त्याच, फक्त आतलं दूध बदललं. तिला चव आवडली, पुढे रात्री एक जास्तीची मागायला लागली आणि आम्ही एक लिटरच्या आसपास पोचलो. बाळ दूध पितंय म्हणून घरात सगळे खूश होते आणि मी पण.

पण फॉर्म्युला आणि गाईचं दूध हे एकाला एक असे बदलायचे पदार्थच नाहीत. फॉर्म्युलात आयर्न मुद्दाम घातलेलं असतं, त्यामुळे त्या चार बाटल्यांतून तिला दिवसाचं बरंचसं आयर्न मिळत होतं. तेवढंच गाईचं दूध दिलं तर अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि या वयात गरज असते दिवसाला ७ मिलिग्रॅमच्या आसपास. वर पोटात जागा उरत नाही ती वेगळीच. ९०० मिली गाईच्या दुधात साधारण ५५० ते ६०० कॅलरी जातात आणि वर्षाच्या मुलाला दिवसभरात लागतात ९०० च्या आसपास, मग ते जेवणार कधी. शिवाय दुधातलं कॅल्शियम जेवणातलं आयर्न शोषायला पण आड येतं.

दिसायला काय दिसत होतं, तर ती ताटातले तीन घास खायची, माझा हात बाजूला ढकलायची आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवून बाटलीसाठी रडायची. मला वाटायचं जेवणाची नाटकं आहेत. शी खडे झाल्यासारखी, दोन-तीन दिवसांनी एकदा. पण वजन छान वाढत होतं, गाल गुबगुबीत, म्हणून कुणालाच शंका आली नाही. लसीसाठी गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली, मला म्हणाले, "आई, दिवसाला दूध किती पिते?" मी सांगितलं तर म्हणाले, "आता उद्यापासून अर्ध्याहून कमी करा आणि आज रक्त तपासून घेऊ." हिमोग्लोबिन कमी आलं, आयर्नचा साठाही कमी. तीन महिने आयर्नचे ड्रॉप्स द्यावे लागले, ते पण दुधासोबत द्यायचे नाहीत असं बजावलं होतं. दूध ४०० मिलीवर आणल्यावर पहिले चार दिवस खूप रडली, पाचव्या दिवशी दुपारी वाटीभर जेवली. भूक होतीच, दुधाने मारून टाकलेली होती.

म्हणून आता प्रमाणाबद्दल. वेगवेगळ्या ठिकाणचे सल्ले वाचले तर आकडे थोडे वेगळे दिसतात आणि माणूस गोंधळतो. ब्रिटनची आरोग्यसेवा म्हणते की १ ते ३ वर्षांच्या मुलाची कॅल्शियमची गरज साधारण ३०० मिली दुधात भागते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १२ ते २४ महिन्यांसाठी दोन ते तीन कप सांगतात, म्हणजे साधारण ४८० ते ७२० मिली. हे दोन आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत, पहिला सांगतो निदान एवढं, दुसऱ्याचं वरचं टोक सांगतं की याच्यापुढे जाऊ नका. टोरांटोमधल्या एका अभ्यासात (२०१३, मुलं २ ते ५ वर्षांची) असं दिसलं की साधारण ५०० मिलीला बहुतेक मुलांचं व्हिटॅमिन डी पुरेसं राहतं आणि आयर्नही फार घसरत नाही, त्याच्यापुढे दूध वाढवलं की आयर्नचा साठा कमी होत जातो. मुलं थोडी मोठी होती, पण दिशा तीच. मी स्वतः ३५० ते ५०० च्या मध्ये ठेवते, आणि ७०० ही भिंत समजते. दही, चीज यातच धरायचं, एक वाटी दही खाल्लं तर तेवढं दूध कमी.

अंगावर पाजत असाल तर हिशोब अजून बदलतो. बाळ दिवसातून तीन-चार वेळा नीट पीत असेल आणि दही वगैरे खात असेल तर गाईचं दूध वेगळं द्यायलाच पाहिजे असं नाही, वर्ष झालं म्हणून अंगावरचं सोडायची गरज तर अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. आणि वर्षानंतरचं म्हणून जे खास पावडरचं दूध मिळतं तेही निरोगी, नीट जेवणाऱ्या मुलाला लागत नाही.

आता पद्धती. धाकट्याच्या वेळी मी आधी आकडा ठरवला, दिवसाला ४२० मिली, १४० चे तीन कप. कपाच्या आत खुणा नव्हत्या म्हणून मोजून पाणी ओतलं आणि बाहेरून मार्करने रेघ मारली, म्हणजे घरात कुणीही दूध दिलं तरी रेघेच्या वर जायचं नाही.

मिसळायची पद्धत अशी की फॉर्म्युलाचं प्रमाण दर तीन दिवसांनी कमी करायचं. समजा बाटली २०० मिलीची आहे, तर पहिले तीन दिवस १५० फॉर्म्युला आणि ५० दूध, मग १००-१००, मग ५० आणि १५०, दहाव्या दिवसापासून नुसतं दूध. यात एक चूक खूप जण करतात, पावडर सरळ दुधात कालवतात. तसं करायचं नाही, ते फार घट्ट आणि क्षारयुक्त होतं. फॉर्म्युला आधी डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात पूर्ण तयार करायचा, त्यातला हवा तेवढा मोजून घ्यायचा आणि मग दूध घालायचं. तोंड लावलेलं उरलं तर तासाभरात टाकून द्यायचं. ही पद्धत चवीला नखरे करणाऱ्या बाळाला बरी, कारण फॉर्म्युला आणि अंगावरचं दूध दोन्ही गाईच्या दुधापेक्षा गोड असतं, फरक लगेच कळतो. तोटा म्हणजे बाटली तशीच राहते आणि बाटलीसोबत जुनं प्रमाणही राहतं, म्हणजे मोठीच्या वेळची माझी चूक परत व्हायची पूर्ण शक्यता.

थेट कपात द्यायची पद्धत वेगळी. इथे एकेक फीड बदलायचं. धाकट्याचं आधी सकाळी मधल्या वेळेचं बंद केलं, त्या जागी खाणं आणि सोबत कपात १४० मिली कोमट दूध. पहिल्या दिवशी त्याने दोन घोट घेतले आणि उरलेलं अंगावर सांडलं, दुसऱ्या दिवशी पण तसंच. मी परत बाटली काढली नाही, खाणं जरा जास्त दिलं, पाणी दिलं, चौथ्या दिवसापासून प्यायला लागला. पाच-सहा दिवसांनी दुपारचं बदललं, मग सकाळी उठल्याचं, आणि झोपायच्या आधीचं सगळ्यात शेवटी कारण ते सगळ्यात अवघड जातं. तीन-साडेतीन आठवडे लागले, आणि शेवटच्या बाटलीऐवजी दूध न देता जेवण वाढवलं, म्हणून चारच्या जागी तीनच कप उरले. पहिल्या आठवड्यात दूध कमी गेलं तरी घाबरू नका, तेवढ्यात काही बिघडत नाही, बाळ लघवी नीट करतंय आणि खातंय एवढं बघा.

मला विचाराल तर थेट कप. कारण बाटली आणि फॉर्म्युला दोन्ही एकदम सुटतं आणि प्रमाण आपल्या हातात राहतं. बाळ चवीमुळे कपाला तोंडच लावत नसेल तर कपातच मिसळून द्या, बाटलीत नको. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायची सवय असेल तर ती दातांसाठी पण वाईट, तीही याच वेळी सोडवता येते.

दूध कुठलं, तर दोन वर्षांपर्यंत फुल क्रीम, पाणी न घालता, साखर न घालता, आणि पाश्चराइज्ड किंवा उकळलेलंच, कच्चं कधीच नाही. फॉर्म्युला घेतलेल्या बाळाला ॲलर्जीची भीती कमी, कारण बहुतेक फॉर्म्युला गाईच्या दुधाचाच असतो. ज्याने आजवर दूध, दही काहीच चाखलं नाही त्याला चमचा-दोन चमच्यांनी सुरुवात करा. अंगावर गांध्या, ओठ-चेहरा सुजणं, लागोपाठ उलट्या झाल्या तर बंद करून लगेच डॉक्टर, श्वासाला त्रास वाटला तर थेट हॉस्पिटल. शीमध्ये रक्त दिसलं तरी दाखवा. शीचा रंग किंवा घट्टपणा थोडा बदलणं मात्र नॉर्मल आहे. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन कमी असेल किंवा आधी ॲलर्जी निघाली असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

सुरू केल्यावर महिनाभराने एक दिवस बसून खरंच मोजा, प्रत्येक कप लिहून ठेवा, रात्रीचा आणि आजी-आजोबांनी दिलेला पण. ७०० च्या वर निघालं आणि सोबत जेवण नको, शी कडक, चेहरा फिकट, चिडचिड, माती किंवा खडू खाणं यातलं काही असेल तर दूध कमी करा आणि रक्त तपासायचं का ते डॉक्टरांना विचारा. वजन चांगलं आहे म्हणून थांबू नका, माझ्या मोठीचं पण चांगलंच होतं.