सरांच्या नऊ मुद्द्यांचं एलओआर : सगळे घ्यायचे की एकच फुलवायचा?

आमच्या एचओडी सरांनी मेकॅनिकलच्या एका मुलासाठी व्हॉट्सॲपवर नऊ तुटक मुद्दे पाठवले आणि म्हणाले, याचं एलओआर म्हणजे शिफारसपत्र ड्राफ्ट कर, मी बघून सबमिट करतो. मुलगा अमेरिकेत एमएसला अप्लाय करत होता. मुद्दे असे : सीजीपीए चांगला, हुशार, मेहनती, थर्मल लॅब, "थर्मोकपल – बर्फ – स्वतः", ज्युनिअर्सना मदत, टीमवर्क, प्रेझेंटेशनमध्ये अडखळतो, ६४ मध्ये पहिल्या तिघांत.

मी दोन्ही प्रकारे लिहून बघितलं.

पहिल्या ड्राफ्टमध्ये नऊच्या नऊ मुद्दे, प्रत्येकाला एक वाक्य. अर्ध्या तासात झालं, काही सुटलं नाही, पण वाचल्यावर मुलगा कोण ते कळेना, नाव बदललं तर वर्गातल्या कुणालाही चाललं असतं. त्यात सीजीपीए तर ट्रान्सक्रिप्टवर असतोच, तो परत सांगून काय मिळणार?

दुसऱ्यात "बर्फ" धरला. मला तो मुद्दा कळलाच नव्हता, म्हणून सरांना फोन केला आणि खरा माल तिथे मिळाला. हीट एक्स्चेंजरच्या प्रोजेक्टमध्ये एनर्जी बॅलन्स जुळत नव्हता. बाकीच्यांनी तापमान मोजणारा थर्मोकपल उकळत्या पाण्यात धरला, १०० दाखवलं, झालं, बरोबर आहे म्हणाले. याला शंका आली कारण पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं! त्याने वितळत्या बर्फात चेक केलं तर २ दाखवलं, म्हणजे दोन्हीकडे २ अंश जास्त. मग चार दिवसांची सगळी रीडिंग्ज कुणी न सांगता दुरुस्त केली. एवढं एका पॅरात लिहिलं आणि "हुशार", "मेहनती" आपोआप गळून पडले, त्यांची गरजच उरली नाही. पहिल्या तिघांत हे ठेवलं, पण "मी शिकवलेल्या ६४ जणांच्या लॅब बॅचमध्ये" असं, नाहीतर कशातले तीन ते कळत नाही.

प्रेझेंटेशनचं मी गाळणार होतो. पण बऱ्याच पोर्टलवर रेकमेंडरला टक्के-रेटिंगचा तक्ताही भरावा लागतो, त्यात सर बोलण्याच्या कौशल्यासमोर टॉप ५% टिक करणार नव्हते. म्हणून एक साधं वाक्य ठेवलं, बोलताना अडखळतो पण प्रश्न विचारला की उत्तर नेमकं देतो (हेही सरांनीच फोनवर सांगितलेलं).

दुसऱ्या पद्धतीला दोन फोन आणि एक अख्खी संध्याकाळ गेली. आणि ती चालते कधी, तर सरांनी मुलाला काम करताना बघितलं असेल तेव्हाच. नुसतं एक लेक्चर कोर्स शिकवलेल्या सरांकडे असा बर्फ नसतो, तिथे पहिल्या पद्धतीचंच आखूड पत्र द्या, प्रसंग रचू नका. जमलं तर मुलाला सांगा की प्रोजेक्ट गाईडकडून घे.

आम्ही दुसरं पाठवलं. सरांनी त्यात एकच बदल केला, मी "अत्यंत कुशाग्र" लिहिलं होतं ते खोडलं.