ओटीपीचं ॲप की यूएसबी किल्ली?

वागळे इस्टेटमधल्या वीस-पंचवीस जणांच्या कंपनीत लॉगिनला पासवर्डसोबत दुसरा पुरावा म्हणून फोनवरच्या ॲपचा कोड घ्यायचा की पीसीला लावायची यूएसबी किल्ली, हा प्रश्न आलाय. जुने विंडोज पीसी, दोन मॅकबुक, बाकी ज्याचा त्याचा फोन. "माझ्या फोनवर ऑफिसचं ॲप नको," हा अकाउंट्सच्या ताईंचा आक्षेप मला रास्त वाटतो.

खर्चात ॲप जिंकतं, ते फुकट आहे. दर 30 सेकंदांनी बदलणारा कोड फोनमध्येच तयार होतो, रेंज लागत नाही. फोनचं घड्याळ चुकलं तर मात्र बरोबर कोडही नाकारला जातो; म्हणून वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवा. फोन बदलताना बॅकअप कोड हवेतच.

सुरक्षेत किल्ली सरस. खोट्या लॉगिन पानावर माणूस कोड टाकतो आणि चोर तो लगेच खऱ्या साइटवर वापरतो. किल्ली साइटचा पत्ता तपासते, खोट्या पत्त्याला उत्तरच देत नाही. पण माणशी दोन घ्याव्या लागतात, एक कपाटात राखीव. जुन्या पीसीला यूएसबी-ए, मॅकबुकला सी, हे आधी मोजा.

अकाउंट्स, ॲडमिन आणि फोन न देणाऱ्यांना किल्ली. विक्री आणि गोदामाला ॲप पुरे.